टी+२ सेटलमेंट : सुट्ट्या मध्ये आल्या की शेअर सौद्याची तारीख कशी मोजतात?

शेअर बाजारात खरेदी किंवा विक्रीचा सौदा झाला, म्हणजे शेअर आणि पैसे यांची अदलाबदल लगेच होते असे नाही. ज्या दिवशी सौदा होतो त्या दिवसाला ‘ट्रेड डे’ म्हणतात आणि थोडक्यात ‘टी’ असे लिहितात. ज्या दिवशी विकणाऱ्याचे शेअर खरेदीदाराच्या डिमॅट खात्यात आणि खरेदीदाराचे पैसे विकणाऱ्याच्या ब्रोकरकडे पोहोचतात, तो सेटलमेंटचा दिवस. सौद्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांनी सेटलमेंट होत असेल, तर त्या पद्धतीला टी+२ म्हणतात.

वाचायला हे सोपे वाटते. सोमवारी विकले, बुधवारी पैसे. पण या व्याख्येतला महत्त्वाचा शब्द ‘दोन’ हा नसून ‘कामकाजाचा दिवस’ हा आहे. बाजार सुरू असलेला प्रत्येक दिवस सेटलमेंटसाठी कामकाजाचा दिवस असतोच असे नाही. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे पैसे बुधवारी येतील असे धरून चाललेल्या माणसाला ते कधी गुरुवारी, तर कधी थेट पुढच्या आठवड्यात मिळतात.

भारतात टी+२ कधीपासून कधीपर्यंत होते?

भारतात शेअर्ससाठी टी+२ पद्धत १ एप्रिल २००३ पासून लागू झाली. त्याआधी वर्षभर टी+३ आणि त्याही आधी टी+५ होते. २५ फेब्रुवारी २०२२ पासून टप्प्याटप्प्याने टी+१ कडे जायला सुरुवात झाली. आधी बाजारमूल्याने सर्वांत लहान १०० कंपन्या आणि मग दर महिन्याला पुढच्या ५०० कंपन्या असा तो क्रम होता. २७ जानेवारी २०२३ रोजी उरलेल्या सर्व मोठ्या कंपन्याही टी+१ मध्ये आल्या.

म्हणजे आज मुंबईच्या बाजारात घेतलेला शेअर एका कामकाजाच्या दिवसाने खात्यात येतो. तरीही समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या अनेक जुन्या पोस्टमध्ये टी+२ चेच नियम दिसतात. जुन्या काँट्रॅक्ट नोट तपासताना, एखाद्या जुन्या लाभांशाचा वाद सोडवताना किंवा लंडनसारख्या टी+२ वर चालणाऱ्या बाजारात व्यवहार करताना ही मोजणी अजूनही लागते. शिवाय सुट्ट्या वगळण्याचा नियम टी+१ मध्येही तोच आहे. फक्त दोनऐवजी एक दिवस मोजायचा.

सुट्ट्या दोन प्रकारच्या असतात

पहिला प्रकार ट्रेडिंग हॉलिडे. या दिवशी बाजारच बंद असतो. सौदे होत नाहीत आणि सेटलमेंटही होत नाही. महाशिवरात्र, होळी, गुड फ्रायडे, महाराष्ट्र दिन या सुट्ट्या यात येतात. शनिवार-रविवारही मोजणीत धरत नाहीत. काही शनिवारी बँका उघड्या असतात, पण त्यामुळे तो सेटलमेंटचा दिवस होत नाही.

दुसरा प्रकार सेटलमेंट हॉलिडे. काही जण याला क्लिअरिंग हॉलिडे म्हणतात. या दिवशी बाजार नेहमीप्रमाणे सव्वानऊला सुरू होतो, भाव वरखाली होतात, सौदे होतात. पण मुंबईतल्या बँका बंद असल्याने पैशांची देवाणघेवाण होत नाही, म्हणून शेअर्सचीही होत नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला ओळखीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९ फेब्रुवारी, छत्रपती शिवाजी महाराज जयंती. या दिवशी राज्यात बँकांना सुट्टी असते, पण शेअर बाजार सुरू असतो. दुसरे उदाहरण १ एप्रिलचे. त्या दिवशी बँका वार्षिक हिशेबबंदीसाठी ग्राहकांचे व्यवहार बंद ठेवतात.

इथे एक गोष्ट परराज्यातल्या गुंतवणूकदारांच्या लक्षात येत नाही. सेटलमेंट मुंबईच्या सुट्ट्यांनुसार ठरते, गुंतवणूकदाराच्या गावातल्या सुट्ट्यांनुसार नाही. बंगळूरमध्ये राहणाऱ्याची बँक १९ फेब्रुवारीला उघडी असते, मोबाइलवर बाजारही चालू दिसतो, आणि तरीही त्याच्या सौद्याच्या मोजणीत तो दिवस धरला जात नाही.

मोजणीची रीत

सौद्याचा दिवस शून्य धरायचा. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढे जात, जो दिवस शनिवार, रविवार, ट्रेडिंग हॉलिडे किंवा सेटलमेंट हॉलिडे यांपैकी काहीही नाही, तोच मोजायचा. असे दोन दिवस पूर्ण झाले की सेटलमेंटची तारीख मिळते.

सौदा सेटलमेंट हॉलिडेच्याच दिवशी झाला असेल तरी रीत बदलत नाही. तो दिवस शून्यच राहतो आणि मोजणी पुढच्या कामकाजाच्या दिवसापासून सुरू होते.

फेब्रुवारी २०२० चा आठवडा

या नियमाचे सगळे कंगोरे एकाच आठवड्यात दिसावेत असा आठवडा म्हणजे १७ ते २१ फेब्रुवारी २०२०. बुधवारी १९ तारखेला शिवजयंती होती, म्हणजे बाजार सुरू, सेटलमेंट बंद. शुक्रवारी २१ तारखेला महाशिवरात्र होती, म्हणजे दोन्ही बंद. त्याला लागून शनिवार-रविवार.

सोमवार १७ तारखेचा सौदा घेऊ. पहिला दिवस मंगळवार १८. बुधवार १९ वगळायचा. दुसरा दिवस गुरुवार २०. सेटलमेंट गुरुवारी.

मंगळवार १८ तारखेचा सौदा. बुधवार वगळला, म्हणून पहिला दिवस गुरुवार २०. शुक्रवारी महाशिवरात्र, पुढे शनिवार-रविवार. दुसरा दिवस थेट सोमवार २४.

बुधवार १९ तारखेचा सौदा. पहिला दिवस गुरुवार २०, दुसरा सोमवार २४. म्हणजे मंगळवार आणि बुधवार या दोन वेगवेगळ्या दिवसांच्या सौद्यांची सेटलमेंट एकाच दिवशी आली.

गुरुवार २० तारखेचा सौदा. पहिला दिवस सोमवार २४, दुसरा मंगळवार २५.

| सौद्याचा दिवस | सेटलमेंटचा दिवस |
|---|---|
| सोमवार, १७ फेब्रुवारी | गुरुवार, २० फेब्रुवारी |
| मंगळवार, १८ फेब्रुवारी | सोमवार, २४ फेब्रुवारी |
| बुधवार, १९ फेब्रुवारी | सोमवार, २४ फेब्रुवारी |
| गुरुवार, २० फेब्रुवारी | मंगळवार, २५ फेब्रुवारी |

आता यात पैसे कसे अडकतात ते पाहा. समजा, साताऱ्यातल्या एका गृहस्थाला घराच्या व्यवहाराचा इसार शनिवारी २२ तारखेला द्यायचा आहे. त्याच्याकडे ५०० रुपये भावाचे १०० शेअर आहेत, म्हणजे साधारण ५० हजार रुपये. सोमवारी शेअर विकले असते, तर गुरुवारी पैसे ब्रोकरकडे आले असते. पण ‘मंगळवारी विकले तरी गुरुवारपर्यंत येतीलच’ असे म्हणून त्याने एक दिवस थांबून मंगळवारी विकले. पैसे आले सोमवारी २४ तारखेला. विक्री एकच दिवस पुढे गेली आणि पैसे चार दिवस पुढे गेले. शिवाय सेटलमेंट म्हणजे रक्कम ब्रोकरकडे जमा होणे. तिथून बचत खात्यात यायला पैसे काढण्याची विनंती द्यावी लागते आणि त्यालाही वेळ लागतो.

अशा वेळी ब्रोकरने पैसे अडवून ठेवले असा आरोप होतो. खरे तर ब्रोकरच्या हातातही ती रक्कम सोमवारच्या आधी आलेली नसते.

एकाच दिवशी दोन सेटलमेंट आल्या की काय होते?

मंगळवार आणि बुधवारचे सौदे एकाच दिवशी पूर्ण होतात, याचा परिणाम ‘आज घ्या, उद्या विका’ करणाऱ्यांवर होतो. शेअर डिमॅट खात्यात येण्याआधीच तो दुसऱ्या दिवशी विकणे, असा हा प्रकार असतो. सोमवारी १७ तारखेला घेतलेला शेअर मंगळवारी १८ ला विकला, तर अडचण नव्हती. खरेदीचे शेअर २० तारखेला येणार होते आणि विक्रीचे शेअर २४ तारखेला द्यायचे होते.

पण मंगळवारी घेऊन बुधवारी विकणाऱ्याला शेअर मिळणार होते २४ तारखेला, आणि द्यायचेही होते २४ तारखेलाच. टी+२ च्या दिवशी शेअर आणि पैसे आधी क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे जमा होतात, त्याला पे-इन म्हणतात. मग ते दुसऱ्या बाजूला वाटले जातात, त्याला पे-आउट म्हणतात. पे-इन सकाळी, पे-आउट दुपारी. दोन्ही दिवसांचे पे-इन एकत्रच घेतले असते, तर दुपारी मिळणारे शेअर सकाळी द्यावे लागले असते.

यावर सेबीने २००४ मध्येच नियम घालून दिला होता. बँकांच्या सुट्टीमुळे दोन सेटलमेंट एकाच दिवशी आल्या, तर त्या एकापाठोपाठ एक करायच्या. आधी पहिल्या दिवसाच्या सौद्यांचे पे-इन आणि पे-आउट पूर्ण करायचे, मगच दुसऱ्या दिवसाच्या सौद्यांचे पे-इन सुरू करायचे. पहिल्या सेटलमेंटमध्ये मिळालेले शेअर आणि पैसे ब्रोकरला दुसऱ्या सेटलमेंटसाठी वापरता आले पाहिजेत, असेही त्यात होते. म्हणून मंगळवारी घेतलेला शेअर बुधवारच्या विक्रीसाठी देता येत होता.

तरीही एक धोका उरतोच. मंगळवारी ज्याने शेअर विकला, त्यानेच २४ तारखेला तो दिला नाही, तर पुढच्याच्या हातात काही येत नाही. पण त्याची स्वतःची बुधवारची विक्री तर उभी असते. मग ती विक्री ‘शॉर्ट’ ठरते आणि एक्स्चेंज त्या शेअरचा लिलाव करते. लिलावात शेअर महाग मिळाला, तर फरक शॉर्ट राहिलेल्याकडून वसूल होतो. लिलावातही शेअर मिळाला नाही, तर क्लोज-आउट होतो. सौद्याच्या दिवसापासून लिलावाच्या दिवसापर्यंतचा सर्वांत जास्त भाव, किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावापेक्षा २० टक्के जास्त भाव, यांपैकी जो मोठा असेल त्या भावाने हिशेब केला जातो. ५०० रुपयांच्या १०० शेअरवर २० टक्के म्हणजे १० हजार रुपये. चूक दुसऱ्याची असली तरी हा भुर्दंड आधी स्वतःच्या खात्यावर पडतो.

हा धोका ‘आज घ्या, उद्या विका’ मध्ये एरवीही असतो. पण एरवी येणे आणि देणे यांच्यामध्ये एक कामकाजाचा दिवस असतो, तर इथे फक्त काही तास. सेटलमेंट हॉलिडेच्या आसपास काही ब्रोकर आदल्या दिवशी घेतलेले शेअर विकूच देत नाहीत, त्याचे कारण हेच. ॲपवर शेअर दिसतो, पण विकण्याची ऑर्डर नाकारली जाते. तो बिघाड नसतो.

लाभांश आणि बोनसची तारीख

सुट्ट्यांच्या मोजणीचा दुसरा फटका लाभांश किंवा बोनस हुकण्याचा. कंपनी रेकॉर्ड डेट जाहीर करते. त्या दिवशी ज्याचे नाव भागधारकांच्या यादीत असेल, त्यालाच लाभ मिळतो. यादीत नाव येण्यासाठी खरेदीची सेटलमेंट रेकॉर्ड डेटपर्यंत पूर्ण व्हायला हवी. ज्या दिवसापासून घेतलेल्या शेअरवर तो लाभ मिळत नाही, तिला एक्स-डेट म्हणतात. टी+२ मध्ये ती साधारणपणे रेकॉर्ड डेटच्या एक कामकाजाचा दिवस आधी येत असे.

समजा, एखाद्या कंपनीची रेकॉर्ड डेट सोमवार २४ फेब्रुवारी २०२० होती. ‘दोन दिवस आधी घेतले की झाले’ असे समजून कॅलेंडरवर दोन दिवस मागे गेले, तर शनिवार येतो. शनिवारी बाजार बंद, शुक्रवारीही बंद, म्हणून कुणी गुरुवारी २० तारखेला शेअर घेतला. वरच्या तक्त्याप्रमाणे तो २५ तारखेला खात्यात आला. रेकॉर्ड डेट एका दिवसाने हुकली. प्रत्यक्षात बुधवारी १९ तारखेपर्यंत खरेदी करणे आवश्यक होते आणि गुरुवार हीच एक्स-डेट ठरली असती.

म्हणून रेकॉर्ड डेटवरून स्वतः मागे मोजत बसण्यापेक्षा एक्स्चेंजने जाहीर केलेली एक्स-डेट पाहावी आणि तिच्या आदल्या ट्रेडिंगच्या दिवसापर्यंत खरेदी करावी. एक्स्चेंजने त्यात सगळ्या सुट्ट्या आधीच धरलेल्या असतात.

अचानक जाहीर झालेली सुट्टी

वर्षाच्या सुरुवातीला एक्स्चेंज सुट्ट्यांची यादी देतात. पण ती यादी मधेच बदलू शकते. लता मंगेशकर यांचे ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, रविवारी, निधन झाले. महाराष्ट्र सरकारने सोमवार ७ तारखेला सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी सरकारी रोखे आणि परकीय चलनाच्या बाजारातले व्यवहार व सेटलमेंट बंद ठेवून त्या दुसऱ्या दिवसावर ढकलल्या. शेअर बाजारात मात्र सोमवारी सौदे सुरू होते.

अशी सुट्टी येते तेव्हा आधी झालेल्या सौद्यांच्या तारखाही पुढे सरकू शकतात. एक्स्चेंज आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशन परिपत्रक काढून सुधारित वेळापत्रक देतात. शुक्रवारी मिळालेल्या काँट्रॅक्ट नोटवर जुनी तारीख असली, तरी लागू होते ते सुधारित वेळापत्रक.

तारीख स्वतः कशी पडताळावी?

प्रत्येक काँट्रॅक्ट नोटवर सौद्याची तारीख, सेटलमेंट क्रमांक आणि सेटलमेंटची तारीख असते. पहिली तपासणी तिथेच करावी. त्यानंतर एक्स्चेंजच्या संकेतस्थळावरच्या सुट्ट्यांच्या दोन्ही याद्या पाहाव्यात, ट्रेडिंगच्या आणि क्लिअरिंगच्या. बरेच जण फक्त पहिली यादी पाहतात आणि तिथेच चुकतात.

एक्सेल किंवा गूगल शीट वापरणाऱ्यांना हीच मोजणी एका सूत्राने करता येते. A2 मध्ये सौद्याची तारीख लिहावी आणि H2 पासून खाली दोन्ही प्रकारच्या सर्व सुट्ट्या लिहाव्यात.

```
=WORKDAY(A2, 2, $H$2:$H$40)
```

हे सूत्र शनिवार-रविवार स्वतःच वगळते. A2 मध्ये १८ फेब्रुवारी २०२० आणि सुट्ट्यांमध्ये १९ व २१ फेब्रुवारी लिहिले, तर उत्तर २४ फेब्रुवारी येते. सुट्ट्यांमधून १९ तारीख काढली, तरीही उत्तर येते, पण २० फेब्रुवारी. म्हणजे चुकीची यादी दिली तर सूत्र चूक दाखवत नाही. ते शांतपणे चुकीची तारीख देते. आजच्या भारतीय शेअर्ससाठी मधला आकडा २ ऐवजी १ करावा.

आज हा नियम कुठे लागतो?

भारतात टी+१ आल्यावरही शिवजयंतीचा परिणाम संपलेला नाही. १९ फेब्रुवारी २०२५ हा बुधवार होता आणि बाजार सुरू होता. मंगळवार १८ आणि बुधवार १९ या दोन्ही दिवसांच्या सौद्यांची सेटलमेंट गुरुवारी २० तारखेलाच येत होती. दोन सेटलमेंट एका दिवशी येण्याचा प्रकार तसाच राहिला.

अमेरिकेत २८ मे २०२४ पासून टी+१ आहे. तिथेही कोलंबस डे आणि व्हेटरन्स डे या दिवशी शेअर बाजार सुरू आणि बँका बंद असतात, म्हणून ते दिवस मोजणीत येत नाहीत.

ब्रिटन आणि युरोपीय संघाने टी+१ साठी ११ ऑक्टोबर २०२७ ही तारीख ठरवली आहे. तोपर्यंत तिथे टी+२ चालते. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी गुंतवणूकदाराला ही मोजणी सर्वांत जास्त जाणवते ती ईस्टरला, कारण गुड फ्रायडे आणि ईस्टर मंडे या दोन सुट्ट्यांच्या मध्ये शनिवार-रविवार येतो. २०२५ मध्ये गुड फ्रायडे १८ एप्रिलला आणि ईस्टर मंडे २१ एप्रिलला होता. गुरुवारी १७ एप्रिलला लंडनमध्ये विकलेल्या शेअरचा पहिला दिवस मंगळवार २२ आणि दुसरा बुधवार २३ एप्रिल. नावाला दोन दिवस, कॅलेंडरवर सहा.